धडा ऑप्शनला टाकता येऊ नये म्हणून

‘सर, तिसरा धडा ऑप्शनला टाकला तर चालेल का?’ दहावीला इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला असतो. विचारणारा मुलगा आळशी, असं आपण धरून चालतो. पण बहुतेक वेळा त्याने मागचे तीन-चार पेपर समोर ठेवून, कोणत्या धड्यावर किती गुणांचे प्रश्न आले आणि ‘कोणतेही दोन सोडवा’मध्ये काय काय सोडता येतं, याचा चोख हिशेब केलेला असतो. पेपर काढणाऱ्याने जो हिशेब आधी करायला हवा होता, तो मुलाने नंतर केलेला असतो, एवढंच.

शाळांतल्या चाचण्यांचे पेपर पुष्कळदा कसे निघतात, हे शिक्षकांना सांगायला नको. तारीख तोंडावर आलेली असते. पुस्तक उघडायचं, पहिल्या धड्यापासून पानं उलटायची, ‘यावर चांगला प्रश्न होईल’ असं वाटलं की लिहून घ्यायचं आणि बेरीज तीसवर आली की थांबायचं. यात आवडीच्या धड्यांना झुकतं माप मिळतं आणि शेवटी घाईत उरकलेले धडे प्रश्नपत्रिकेतही उरकले जातात. एका गुणाचे वस्तुनिष्ठ प्रश्न असतील तर ही गफलत फारशी दिसत नाही, कारण वीस छोटे प्रश्न इकडेतिकडे विखुरतातच. ‘चर्चा करा’, ‘सकारण स्पष्ट करा’, ‘सविस्तर लिहा’ असे प्रश्न असले की मात्र ती लगेच बोचते. तीस गुणांच्या पेपरात पाच गुणांचा एक प्रश्न म्हणजे पेपराचा सहावा हिस्सा. तो चुकीच्या धड्यावर पडला तर सावरायला जागा उरत नाही.

म्हणून प्रश्न लिहिण्याआधी कोणत्या धड्यावर, कोणत्या काठिण्यपातळीचे, किती गुणांचे प्रश्न येणार हे ठरवणारा तक्ता करायचा असतो. बी.एड. झालेल्यांना तो ‘संविधान तक्ता’ म्हणून माहीत असतो. एरवी सगळे त्याला ब्लूप्रिंट म्हणतात. आपल्याकडे ही पद्धत रुळायला १९५० च्या दशकात सुरुवात झाली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने निबंधवजा परीक्षेवर कडक टीका केली होती. शिकागो विद्यापीठाच्या बेंजामिन ब्लूम यांचं शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणावरचं पुस्तक १९५६ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी भारतात येऊन शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही बी.एड.च्या वहीतली चौकट या ब्लूम-परंपरेतूनच आपल्याकडे आली. गंमत अशी, की बी.एड.ला असताना हा तक्ता सगळेच करतात आणि नोकरी लागल्यावर बरेच जण विसरतात. उरलेल्यांपैकी काही पेपर आधी काढतात आणि तक्ता मागाहून भरतात. तो तपासणाऱ्यांना दाखवायला बरा, पण कामाचा नाही.

हा तक्ता खरोखर कसा बसतो, हे एका पेपरावर पाहू. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातले पहिले पाच धडे घेऊ : इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा, भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, भारतीय कलांचा इतिहास आणि प्रसारमाध्यमे आणि इतिहास. शाळेला यावर तीस गुणांची, फक्त लिहायच्या उत्तरांची सराव चाचणी घ्यायची आहे. मंडळाच्या पेपराचा आराखडा वेगळा असतो आणि तो मंडळ ठरवतं. हा आपला, शाळेपुरता.

पहिला प्रश्न, कोणत्या धड्याला किती गुण द्यायचे. पानं मोजून वाटणी करणं सोपं, पण पानांत चित्रं असतात, चौकटी असतात, म्हणून ते फसवं. त्यापेक्षा तासिका मोजाव्यात. जो धडा शिकवायला जास्त वेळ लागला तो मुलांनी जास्त शिकला, एवढं तरी धरता येतं. समजा पाच धड्यांना अनुक्रमे ७, ७, ५, ८ आणि ५ अशा एकूण ३२ तासिका लागल्या. तीस गुण त्याच प्रमाणात वाटले की साधारण साडेसहा, साडेसहा, पावणेपाच, साडेसात आणि पावणेपाच असे वाटे येतात. अपूर्णांकातले प्रश्न काढता येत नाहीत, तेव्हा हे आकडे पूर्ण करायचे : ६, ६, ५, ८, ५. बेरीज तीस. कोणाचाही वाटा मूळ आकड्यापासून एका गुणाइतकाही हललेला नाही. इथवर सगळं छान.

आता प्रश्नांचे आकार. दोन गुणांचे तीन, तीन गुणांचे तीन आणि पाच गुणांचे तीन असे नऊ प्रश्न ठरवले. सहा, नऊ आणि पंधरा मिळून तीस. आपल्या हाती आता दोनची, तीनची आणि पाचची प्रत्येकी तीन नाणी आहेत आणि पाच जणांचे पैसे चुकते करायचे आहेत. बसून पाहिलं तर एकच वाट निघते. सहाच्या दोन धड्यांपैकी एकाला तीन-तीनची दोन आणि दुसऱ्याला दोन-दोनची तिन्ही नाणी द्यावी लागतात. कलांच्या धड्याला पाच आणि तीन जातात. पाचची उरलेली दोन नाणी उपयोजित इतिहासाला आणि प्रसारमाध्यमांना.

बेरजा सगळ्या जुळल्या, पण या पेपराकडे नीट पाहा. इतिहासलेखनाचे दोन धडे या पुस्तकाचा पाया आहेत. रांके, मार्क्स, फूको, बखरी, राजवाडे हे सगळं तिथे आहे. आणि नेमक्या त्याच दोन धड्यांवर मोठा प्रश्न एकही नाही. भारतीय परंपरेवर तर नुसत्या तीन टीपा. उलट पाच तासिकांत संपलेल्या उपयोजित इतिहासावर पाच गुणांचा घसघशीत प्रश्न. ज्या धड्यावर मुलांना विचार मांडायला लावायचा तिथे आपण त्यांच्याकडून चार ओळी मागतो आणि जिथे मजकूर बेताचा तिथे दीड पान. तक्ता कागदावर बरोबर आणि पेपर तिरका, असा हा प्रकार आहे. तो बेरजेतून कळत नाही. प्रत्येक धड्यावरचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता, हे एकाखाली एक लिहिलं की कळतो.

यावर उपाय साधा आहे. पूर्णांक करताना जी सूट होती ती दुसऱ्या बाजूला वापरायची. पहिल्या धड्याला ७, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, चौथ्याला ७ आणि पाचव्याला ५. बेरीज पुन्हा तीस आणि फरक याही वेळी एका गुणाच्या आतच. आता सात म्हणजे पाच आणि दोन, सहा म्हणजे तीन आणि तीन, उपयोजित इतिहासाचे पाच म्हणजे तीन आणि दोन. तिसरा मोठा प्रश्न प्रसारमाध्यमांवर जातो, आणि तिथे तो शोभतो. दर्पण ते दूरदर्शन एवढा पल्ला त्या धड्यात आहे. पहिल्या दोन धड्यांच्या तासिका सारख्याच असून एकाला सात आणि एकाला सहा गुण पडले, ते पुढच्या चाचणीत उलटे करावेत. तशी नोंद तक्त्याखालीच पेन्सिलीने करून ठेवली की विसरत नाही.

तिसरी बाजू काठिण्यपातळीची. सोपे तीस टक्के, मध्यम पन्नास आणि कठीण वीस, ही आपल्याकडची सर्रास वापरली जाणारी वाटणी. तीस गुणांत ती ९, १५ आणि ६ अशी येते. इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे : दोन गुणांचा प्रश्न सोपा, पाच गुणांचा कठीण. तसं मुळीच नाही. गुण हे लिहिण्याच्या कामाचे असतात; किती मुद्दे, किती मजकूर, किती वेळ. काठिण्य म्हणजे वर्गातली किती मुलं त्या उत्तरापर्यंत पोचतील याचा अंदाज. लांबलचक वर्णनाचा पाच गुणांचा प्रश्न सोपा असू शकतो आणि दोन ओळींत उत्तर संपणारा प्रश्न वर्गातल्या निम्म्या मुलांना अडवू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर कच्च्या मुलाला पाच गुणांच्या रकान्यात हातच घालता येत नाही आणि त्याचा अर्धा पेपर सुरू होण्याआधीच संपतो.

म्हणून आपल्या पेपरात पाच गुणांचा एक प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला आणि कठीणचे सहा गुण तीन-तीनच्या दोन प्रश्नांना दिले. पुरा तक्ता असा झाला. कंसाबाहेर गुण, कंसात प्रश्नांची संख्या.

| धडा | सोपे | मध्यम | कठीण | एकूण |
|---|---|---|---|---|
| पाश्चात्त्य परंपरा | २ (१) | ५ (१) | – | ७ (२) |
| भारतीय परंपरा | – | ३ (१) | ३ (१) | ६ (२) |
| उपयोजित इतिहास | २ (१) | – | ३ (१) | ५ (२) |
| कलांचा इतिहास | ५ (१) | २ (१) | – | ७ (२) |
| प्रसारमाध्यमे | – | ५ (१) | – | ५ (१) |
| एकूण | ९ (३) | १५ (४) | ६ (२) | ३० (९) |

सहा घरं रिकामी आहेत, याने बिचकून जाऊ नये. घरं पंधरा आणि प्रश्न नऊ, म्हणजे सहा रिकामी राहणारच. प्रत्येक घर भरायच्या हट्टापायी एक-एक गुणाचे तुकडे करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मग तो चर्चेचा पेपर राहत नाही. पाहायचं ते एवढंच, की एखादी पातळी सगळीच्या सगळी एका धड्यात जाऊन बसलेली नाही ना.

आता प्रश्न लिहायचे, आणि खरी मेहनत इथे आहे. ‘कठीण’ असं घरात लिहिणं सोपं, तो प्रश्न कठीण करणं अवघड. भारतीय परंपरेच्या धड्यातली बखर घेऊ. ‘बखर म्हणजे काय ते सांगून बखरींच्या विषयांची दोन उदाहरणे द्या’ हा सोपा प्रश्न. वाचलं असेल तर येतो. ‘बखर हे इतिहासाचे साधन आहे, मात्र केवळ बखरीवर विसंबून इतिहास लिहिता येत नाही. सकारण स्पष्ट करा’ हा मध्यम. कारणं पुस्तकात एका जागी नाहीत, दोन-तीन ठिकाणची जुळवावी लागतात. आणि कठीण असा : ‘एका लढाईनंतर अनेक वर्षांनी लिहिलेल्या बखरीत शत्रूचे सैन्य एक लाख होते असे म्हटले आहे. त्याच आठवड्यात छावणीतून लिहिलेल्या पत्रात ते वीस हजार असल्याचे नमूद आहे. इतिहास लिहिताना तुम्ही कोणता आकडा घ्याल? तो घेण्यापूर्वी आणखी काय तपासाल?’ यातली लढाई काल्पनिक आहे, पाठ करून येण्यासारखं काही नाही, आणि तरी धड्यात जे शिकवलं तेवढ्यावरच उत्तर देता येतं.

कठीण प्रश्नाचा एक खोटा प्रकारही असतो. तळटीपेतलं नाव, चौकटीतलं साल, चित्राखालची ओळ शोधून त्यावर प्रश्न काढायचा. तोही मुलांना येत नाही, तेव्हा तक्त्यात तो कठीणमध्ये बसतो. पण तो हुशार मुलालाही येत नाही आणि कच्च्यालाही नाही. ज्याची नजर त्या ओळीवरून योगायोगाने गेली त्याला येतो. दोन्हींतला फरक पेपर तपासून झाल्यावर उघड होतो. समजा वर्गात ४२ मुलं आहेत. एकूण गुणांनुसार वरची चौदा आणि खालची चौदा वेगळी काढायची. बखरीच्या प्रश्नात वरच्यांना तीनपैकी सरासरी दोनच्या आसपास आणि खालच्यांना अर्धा गुण मिळाला असेल, तर तो प्रश्न खरा. दोन्ही गटांना अर्धा-पाऊण गुणच मिळाला असेल, तर तो प्रश्न प्रश्नपेढीतून काढून टाकावा.

प्रश्न लिहिला की तिथल्या तिथे त्याची गुणदान योजनाही लिहावी, पेपर छापून झाल्यावर नव्हे. प्रसारमाध्यमांवरचा पाच गुणांचा प्रश्न असा होता : ‘स्वातंत्र्यपूर्व काळातील कोणत्याही दोन मराठी वृत्तपत्रांच्या आधारे, वृत्तपत्रांनी समाजजागृतीसाठी केलेल्या कार्याची चर्चा करा.’ वृत्तपत्र, त्याचे संपादक आणि काळ यांची बरोबर ओळख करून दिली तर प्रत्येकी एक, असे दोन गुण; मग कोणी १८३२ चं बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण घेईल, कोणी १८८१ चा केसरी. त्या पत्राने नेमकं काय काम केलं ते उदाहरणासह सांगितलं तर आणखी प्रत्येकी एक. पाचवा गुण या दोन्हींच्या कामातलं साम्य किंवा फरक दाखवणाऱ्या वाक्याला. ‘चर्चा करा’ म्हटल्यावर अपेक्षित असते ती ही शेवटची गोष्ट, आणि तिला गुण ठेवला नाही तर ‘चर्चा करा’ आणि ‘माहिती लिहा’ यांत फरक उरत नाही. योजना लिहिताना पाचवा मुद्दा सापडेना, तर तो प्रश्न पाच गुणांचा नाही असं समजावं आणि तक्त्यातली जागा बदलावी. प्रश्न ताणून गुण भरू नयेत.

वेळेचाही अंदाज याच टप्प्यावर येतो. दोन गुणांना सहा मिनिटं, तीनला आठ, पाचला चौदा असं धरलं तर नऊ प्रश्नांची चौऱ्याऐंशी मिनिटं होतात. वाचायला सहा मिनिटं दिली की दीड तास. शिक्षकाने स्वतः घड्याळ लावून एकदा सगळी उत्तरं लिहून पाहावीत. स्वतःलाच पाऊण तासाहून जास्त लागत असेल, तर मुलांना दीड तास पुरणार नाही.

आता त्या ऑप्शनकडे येऊ. आतापर्यंत केलेली सगळी मेहनत पाण्यात घालवणारं वाक्य प्रश्नपत्रिकेत असतं : ‘पुढीलपैकी कोणतेही तीन सोडवा.’ मुलांना निवड हवी, हे मान्य. म्हणून आपण पाच गुणांचे तीनऐवजी चार प्रश्न दिले आणि चौथा उपयोजित इतिहासावर काढला. एका मुलाने पाश्चात्त्य परंपरेचा प्रश्न सोडला आणि हा घेतला. त्याच्यापुरता पेपर आता पाच धड्यांवर २, ६, १०, ७, ५ असा झाला. सात तासिकांच्या धड्यावर त्याला दोन गुणांपुरतंच विचारलं गेलं आणि पाच तासिकांच्या धड्यावर दहा गुणांचं. शेजारच्या बाकावरच्या मुलीने दुसरी निवड केली म्हणजे तिने वेगळाच पेपर सोडवला. दोघांचे गुण मात्र एकाच यादीत, एकाखाली एक लागतात. दोन, तीन आणि पाच गुणांच्या तिन्ही गटांत अशीच मोकळी निवड ठेवली, तर एखादा आख्खा धडा शून्यावर आणता येतो. सुरुवातीच्या त्या मुलाचा हिशेब तो हाच.

निवड द्यायचीच असेल तर ती त्याच घरात द्यावी. पाश्चात्त्य परंपरेवरच्या मध्यम, पाच गुणांच्या प्रश्नाला ‘किंवा’ म्हणून त्याच धड्यावरचा, तेवढाच मध्यम, पाच गुणांचाच दुसरा प्रश्न. म्हणजे मूल काहीही निवडो, तक्ता हलत नाही. यात पेपर काढणाऱ्याचं काम वाढतं, हे खरं. दोन प्रश्न सारख्या काठिण्याचे काढणं फार जिकिरीचं, आणि एक जरी सोपा निघाला तर पोरं तो बरोबर हुंगून काढतात. म्हणून माझं मत असं, की तीस गुणांच्या पेपरात निवड फक्त पाच गुणांच्या प्रश्नांना द्यावी आणि बाकी सहा प्रश्न सक्तीचे ठेवावेत. परीक्षा खात्याकडे पेपर आला की तिथल्या माणसाने एक साधी चाचणी करावी. प्रत्येक धड्यासाठी, मुलाने मिळतील त्या सगळ्या सवलती वापरून तो टाळायचं ठरवलं तर किती गुणांवर पाणी सोडावं लागेल, ते मोजावं. उत्तर शून्य आलं तर पेपर परत पाठवावा.

पेपर तपासून झाल्यावर तक्ता एकदा पुन्हा काढायचा असतो. हे सहसा कोणी करत नाही, आणि शिकायला मिळतं ते इथेच. प्रत्येक प्रश्नाला वर्गाची सरासरी काढायची आणि तिला त्या प्रश्नाच्या गुणांनी भागायचं. ०.७ च्या वर आलं तर प्रश्न सोपा गेला, ०.३ च्या खाली तर कठीण, मधलं सगळं मध्यम. अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी-शेजारी लिहायचं. कलांच्या धड्यावरचा आपला पाच गुणांचा ‘सोपा’ प्रश्न होता : ‘लोकचित्रकला शैलीविषयी सविस्तर माहिती लिहा.’ त्याची सरासरी समजा २.२ आली, म्हणजे ०.४४. सोपा म्हणून काढलेला प्रश्न मध्यम ठरला, आणि तक्त्यातले सोपे नऊ गुण प्रत्यक्षात चारच उरले.

का, हे उत्तरपत्रिका पुन्हा चाळल्या की समजतं. बहुतेकांनी पानभर वारली चित्रांतल्या माणसांचे त्रिकोण आणि तारपा नाच रंगवला, पण गुणदान योजनेत वेगवेगळे मुद्दे होते आणि वारलीला त्यातले दोनच गुण. मुलांना येत नव्हतं असं नाही, काय मागितलंय ते कळलं नव्हतं. ‘सविस्तर’ या शब्दाला हद्द नसते. हाच प्रश्न फोडून ‘(अ) लोकचित्रकला शैलीची दोन वैशिष्ट्ये लिहा, २ गुण. (आ) वारली किंवा चित्रकथी यांपैकी एका परंपरेची माहिती लिहा, ३ गुण’ असा दिला, तर त्याच धड्यावर, तेवढेच गुण ठेवून तो बहुधा खराच सोपा होईल. काठिण्य विषयापेक्षा प्रश्नाच्या शब्दांत जास्त लपलेलं असतं, हे अशा दोन-तीन चाचण्यांनंतर अंगवळणी पडतं.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. ‘किंवा’ असलेल्या प्रश्नाची सरासरी तो सोडवणाऱ्यांपुरतीच असते. दोन्हींतला अवघड प्रश्न हुशार मुलांनीच घेतला तर त्याची सरासरी चांगली दिसते आणि तो सोपा असल्याचा भास होतो. सक्तीच्या सहा प्रश्नांचे आकडे विश्वासाचे, निवडीच्या तिन्हींचे जपून वापरायचे. वर्ग वीस-पंचवीस मुलांचा असेल तर सगळेच जपून.

तक्ता मुलांना दाखवावा का, यावर शिक्षकांत दोन तट आहेत. माझ्या मते शेवटचा रकाना, म्हणजे धड्यागणिक एकूण गुण, खुशाल फळ्यावर लिहावा. कोणता धडा किती गुणांचा हे गुपित ठेवून काही साधत नाही, उलट अभ्यास कसा वाटायचा ते मुलांना कळतं. आतली घरं मात्र झाकलेली असावीत आणि दर चाचणीला हलवावीत. यंदा कलांच्या धड्यावर पाचाचा सोपा प्रश्न आला म्हणून पुढच्या वर्षीही तोच आला, तर दोन वर्षांत त्याची ‘अपेक्षित प्रश्न’ म्हणून झेरॉक्स फिरायला लागते.

मुख्याध्यापकांना आणि परीक्षा विभागाला एक विनंती आहे. बहुतेक शाळा शिक्षकांकडून पेपर मागतात, काही आदर्श उत्तरपत्रिकाही मागतात. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी प्रश्नांशिवायचा नुसता हा तक्ता मागा, आणि तो पाहून झाल्यावरच पेपर काढायला सांगा. एका पानाचं काम आहे. सवय झाली की तासाभरात होतं. निकाल लागल्यावर त्याच पानाच्या मागच्या बाजूला प्रश्नागणिक सरासरी लिहून ते पान फायलीत लावा. पुढच्या वर्षी तो विषय दुसऱ्या कोणाकडे गेला, तर त्याच्या हातात हे पान पडू द्या.